वजन उतरलं, पण एलडीएल वाढलं? रिपोर्टमधले कुठले आकडे आधी हलतात

आजचा भाग जरा आकड्यांचा आहे, पण घाबरू नका. कानात इअरफोन असतील आणि हातात जुना लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट असेल, तर आणखी मजा येईल. नसेल तरी चालेल, मी आकडे सावकाश सांगते.

आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणारे बरेच जण तिशीच्या आसपासचे असतात. कंपनीच्या वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल आणि बीपी वाढलेलं दिसतं, डॉक्टर सांगतात वजन कमी करा, आणि मग दोन महिने मन लावून केल्यावर मंडळी पुन्हा रक्त तपासतात. इथेच गडबड होते. सगळे आकडे एकदम खाली येतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काही आकडे पळत येतात, काही रांगत येतात आणि एखादा चक्क उलटा जातो. तो उलटा गेलेला आकडा बघून "माझ्या शरीराला हे डाएट सूट होत नाही" म्हणत लोक सगळं सोडून देतात. म्हणून आज हा क्रम नीट समजून घेऊ.

आपण एक नमुना घेऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी मांडलेत, कुणा एकाचे नाहीत, पण असे रिपोर्ट नेहमी दिसतात. समजा एक ३४ वर्षांचा मुलगा आहे. उंची १७० सेंटीमीटर, वजन ८८ किलो. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी कोल्ड्रिंक, शनिवारी मित्रांबरोबर बिअर. बीपी १४२/९२. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१४, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २६०, एलडीएल १२४. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडी आपल्या भारतीय लोकांत खूप दिसते, पोट सुटलेलं असेल तर हमखास.

आता हा गडी कोल्ड्रिंक बंद करतो, चहातली साखर काढतो, बिअर थांबवतो, रात्रीचा भात निम्मा करतो, लोणचं-पापड-फरसाण कमी करतो आणि रोज पाऊण तास भरभर चालतो. आठ आठवड्यांत ५ किलो उतरतात. ८३ किलो.

सगळ्यात आधी काय हललं? ट्रायग्लिसराइड. २६० वरून १६०. हे रक्तातलं वाहतं फॅट आहे. तुम्ही गरजेपेक्षा जास्त साखर, मैदा किंवा दारू घेतली की लिव्हर त्याचं फॅट बनवतं आणि रक्तात सोडतं. कच्चा मालच कमी झाला की उत्पादन लगेच घटतं. त्यामुळे हा आकडा दोन-तीन आठवड्यांतच उतरायला लागतो, वजनकाट्यावर मोठा फरक दिसायच्या आधीच. पण तो जितका पटकन उतरतो तितकाच पटकन चढतो. आदल्या रात्री पार्टी करून सकाळी रक्त दिलं, तर दोन महिन्यांची मेहनत रिपोर्टमध्ये दिसणारच नाही. म्हणून तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस दारू नको, नेहमीचंच जेवण घ्या, आणि दहा-बारा तास उपाशी राहून रक्त द्या. पाणी प्यायलं तर चालतं.

त्याच्या जोडीने उतरतं बीपी. इथे एक सोपा अंदाज लक्षात ठेवा. अनेक अभ्यासांची सरासरी काढली तर एक किलो वजनामागे वरचं बीपी साधारण एक अंकाने कमी होतं, आणि खालचंही जवळपास तेवढंच. आपल्या मित्राचं १४२/९२ वरून १३४/८७ झालं. म्हणजे ५ किलोला ८ अंक. अंदाजापेक्षा जास्त, कारण लोणचं-फरसाणातलं मीठ आणि बिअर यांचाही वाटा त्यात आहे. हे इतक्या लवकर कसं होतं? खाणं कमी झालं की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, आणि इन्सुलिन उतरलं की किडनी अडवून ठेवलेलं मीठ आणि पाणी सोडून देते. पहिल्या पंधरवड्यात लघवीला जास्त वेळा जावं लागतं आणि काटा झरझर खाली येतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

बीपीची गोळी चालू असेल तर मात्र इथे जपा. वजन उतरताना तीच गोळी जास्त पडू शकते. अंथरुणातून उठताना किंवा बसल्या जागेवरून उभं राहताना चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी बीपी मोजून डॉक्टरांना आकडे दाखवा. डोस ते कमी करतील, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. आणि मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीवर टेबलावर, आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी खोटंच जास्त येतं.

आता येऊ त्या उलट्या आकड्याकडे. आठ आठवड्यांनंतरचा रिपोर्ट ऐका. एकूण कोलेस्टेरॉल २१४ चं २०४ झालं. ट्रायग्लिसराइड १६०. एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात, ३८ वरून ३६. आणि एलडीएल, म्हणजे वाईटवालं, १२४ वरून १३६! चांगलं घटलं, वाईट वाढलं. मुलाचा चेहरा पडला.

थांबा. एलडीएल हा आकडा बऱ्याच लॅबमध्ये थेट मोजलेला नसतो, गणित करून काढलेला असतो. गणित असं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून तेही वजा करा. आधी काय होतं? २१४ वजा ३८ वजा ५२, म्हणजे १२४. आता? २०४ वजा ३६ वजा ३२, म्हणजे १३६. ट्रायग्लिसराइड १०० ने घसरल्यामुळे वजा होणारी रक्कमच २० ने कमी झाली. हा सगळा कागदावरचाच खेळ आहे असंही नाही. ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण रिकामे होत होत शेवटी एलडीएलचे कण बनतात, आणि वजन उतरत असताना चरबीच्या पेशींत साठलेलं कोलेस्टेरॉलही रक्तात येतं. त्यामुळे काही जणांत एलडीएल मधल्या काळात खरोखर थोडं वाढतं.

मग अशा वेळी बघायचं काय? नॉन-एचडीएल. एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल, बस. रक्तवाहिनीत जाऊन साठू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल यात येतं, आणि यात ट्रायग्लिसराइडचं गणित नसतं. आपल्या मित्राचं आधी १७६ होतं, आता १६८. म्हणजे गाडी योग्य दिशेला आहे. घसरलेल्या एचडीएलचीही काळजी नको. वजन उतरत असताना ते थोडं खाली जातं आणि वजन स्थिरावल्यावर वर येतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

म्हणून लिपिडची खरी तपासणी वजन महिनाभर एका जागी टिकल्यावर करा. आपला मित्र आठ महिन्यांनी ७९ किलोवर स्थिर झाला, म्हणजे ९ किलो, सुरुवातीच्या वजनाच्या साधारण दहा टक्के. आता एकूण कोलेस्टेरॉल १८६, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १४०, एलडीएल ११७, नॉन-एचडीएल १४५, बीपी १३०/८४.

नीट बघा, एलडीएल १२४ वरून ११७ वरच आलं. फक्त ७ अंक. हेच अपेक्षित आहे, कारण सरासरी एका किलोमागे एलडीएल एक अंकसुद्धा पुरता उतरत नाही. एलडीएलवर वजनापेक्षा ताटात कुठलं फॅट आहे याचा परिणाम जास्त होतो: तूप, लोणी, साय, वनस्पती तूप, पामतेल. म्हणूनच भात-पोळी सोडून लोणी आणि चीजवर वजन उतरवणाऱ्यांपैकी काहींचं एलडीएल भरपूर वाढलेलं सापडतं. आणि एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर ते बहुतेक आनुवंशिक असतं. तिथे दहा किलो उतरवून भागत नाही, डॉक्टर देतील ती स्टॅटिनची गोळी लागते. "आधी वजन कमी करतो, मग गोळीचं बघू" म्हणत तिथे वर्षं घालवू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, हार्ट अटॅकचा धोका. हा कुठल्या रिपोर्टमध्ये छापून येत नाही आणि सगळ्यात उशिरा बदलतो. अमेरिकेत लुक अहेड नावाचा मोठा अभ्यास झाला. टाइप २ डायबिटीस असलेले ५ हजारांहून जास्त लोक होते. एका गटाला आहार-व्यायामाचं कडक मार्गदर्शन मिळालं, त्यांचं वजन पहिल्या वर्षी साडेआठ टक्क्यांच्या आसपास उतरलं, पुढे त्यातलं काही परत आलं. बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड सुधारले. पण जवळपास दहा वर्षांनंतरही हार्ट अटॅक आणि स्ट्रोक दोन्ही गटांत सारखेच निघाले, आणि २०१२ मध्ये अभ्यास थांबवला. नंतर आकडे पुन्हा चाळले तेव्हा पहिल्या वर्षात दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत धोका कमी दिसला. पण असं नंतर चाळून काढलेलं उत्तर इशारा म्हणून घ्यायचं, पुरावा म्हणून नाही. २०२३ मध्ये सेलेक्ट अभ्यास आला. आधीच हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या पण डायबिटीस नसलेल्या लोकांत सेमाग्लुटाइड इंजेक्शनने हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्के घटले. मात्र तिथे फायदा वजन पूर्ण उतरायच्या आधीच दिसू लागला, म्हणजे औषधाचा स्वतःचाही काही परिणाम असावा.

आपल्या मित्रासाठी याचा अर्थ काय? १४२ चं १३० बीपी आणि १७६ चं १४५ नॉन-एचडीएल ही खरी कमाई आहे, पण ती वर्षानुवर्षं टिकली तरच हृदयाच्या कामी येते. वजन परत चढलं तर ट्रायग्लिसराइड आणि बीपी सगळ्यात आधी वर जातात, जसे आधी उतरले होते तसेच. त्यामुळे घरचं बीपीचं मशीन महिन्यातून काही दिवस वापरा, काटा बोलायच्या आधी ते बोलतं.

आजचं गृहपाठाचं काम एकच. जुना रिपोर्ट काढा, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि तो आकडा तारखेसह फोनमध्ये लिहून ठेवा. पुढचा रिपोर्ट आला की आधी त्याच्याशी ताडून बघा, मग एलडीएलकडे जा. भेटू पुढच्या भागात!