ओटीवरचा खांब का डुलतोय? हलणारा व्हिडिओ स्थिर करताना

आजचा भाग एका खांबाबद्दल आहे. आमच्या कोकणातल्या घराच्या ओटीवरचा लाकडी खांब. ते घर पाडलं, आता तिथे स्लॅबचं घर उभं आहे. पाडायच्या आधी माझ्या चुलत भावाने मोबाईलवर एक क्लिप काढली होती. आजी पुढे चालतेय, घर दाखवतेय, आणि हा तिच्या मागे मागे. ४२ सेकंद, १०८० पी, सेकंदाला ३० फ्रेम. आणि हात असा हलतोय की पाहणाऱ्याला घाट लागावा. आत्या म्हणाली, "तू इंजिनीयर ना, कर की नीट." परत शूट करायचा प्रश्नच नव्हता. जे होतं ते एवढंच.

मी ती क्लिप डाविंची रिझॉल्व्हमध्ये टाकली. याची फुकट आवृत्ती कॉम्प्युटरवर चालते. क्लिप निवडायची, Inspector मध्ये Stabilization उघडायचं. तिथे मोड आहेत: Perspective, Similarity आणि Translation. मी Perspective निवडला, बटण दाबलं आणि चहा करायला गेलो. परत येऊन पाहतो तर आजी एकदम स्थिर, पण तिच्या शेजारचा खांब श्वास घेतल्यासारखा वर रुंद, खाली अरुंद, परत उलटा. चेहऱ्याकडे बघत राहिलो असतो तर कळलंही नसतं. आत्याने मात्र पहिल्या मिनिटात विचारलं असतं, "खांबाला काय झालं रे?"

हे का होतं ते बघू. स्टॅबिलायझर चित्रातले ठळक ठिपके पकडतो आणि एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत ते किती सरकले ते मोजतो. त्यातून कॅमेऱ्याची हालचाल काढतो, तिचे धक्के गुळगुळीत करतो आणि मग प्रत्येक फ्रेम उलट्या दिशेने ढकलतो. Translation मध्ये फ्रेम फक्त आडवी-उभी सरकते. Similarity मध्ये शिवाय फिरते आणि लहान-मोठी होते. Perspective मध्ये चारही कोपरे वेगवेगळे ताणता येतात, म्हणजे आयत समलंब होऊ शकतो.

आता एसटीच्या खिडकीतून बाहेर बघा. जवळचे खांब सर्रकन मागे जातात, लांबचा डोंगर जागचा हलत नाही. चालताना मोबाईलचंही तेच होतं. आमच्या क्लिपमध्ये मागे जांभ्याची भिंत होती. जांभा म्हणजे सगळा भोकाभोकांचा, ठिपके पकडायला उत्तम. त्यामुळे सॉफ्टवेअर त्या भिंतीला चिकटलं. भिंतीला योग्य बसेल असा ताण सगळ्या फ्रेमला दिला. पण खांब भिंतीपेक्षा कितीतरी जवळ, त्याची हालचाल वेगळी. भिंतीच्या मापाचा सदरा खांबाला घातला, तो कसा बसणार?

मोबाईल एकाच जागी धरून फक्त वळवला असेल तर ही अडचण जवळजवळ येत नाही. चाललात की येते.

बिघाड नेमका कुठला ते ओळखायची माझी पद्धत सांगतो. आधी माणसाकडे बघणं सोडा. फ्रेमच्या कडेजवळची एक सरळ उभी रेघ शोधा: दाराची चौकट, विजेचा खांब, भिंतीचा कोपरा. स्क्रीनवर तिच्या शेजारी कागदाची कड धरा आणि एकेक फ्रेम पुढे जा. माझ्या क्लिपमध्ये खांब साधारण दर १५ फ्रेमला डुलत होता. चालताना माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, ३० फ्रेममध्ये दोन पावलं, म्हणजे १५ फ्रेमला एक. ताळा जुळला: प्रत्येक पावलाचा धक्का काढायच्या नादात सॉफ्टवेअर फ्रेम ताणत होतं.

मग तीच जागा Similarity लावून बघा. यात कोन बदलूच शकत नाहीत. समलंब होणं थांबलं तर दोष Perspective निवडण्यात होता. माझ्या क्लिपमध्ये ते बऱ्यापैकी थांबलं.

थांबलं नाही तर मूळ क्लिपमध्ये तीच फ्रेम काढा. तिथेही रेघ तिरकी किंवा वाकलेली दिसली तर प्रकरण वेगळं आहे. मोबाईलचा सेन्सर सगळं चित्र एकाच क्षणी टिपत नाही, वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात हात हलला तर वरची ओळ एका जागी, खालची दुसऱ्या जागी. याला रोलिंग शटर म्हणतात. स्टॅबिलायझर हाताचा धक्का काढतो, पण प्रत्येक फ्रेममधला हा तिरकेपणा उरतो, आणि चित्र स्थिर झाल्यामुळे तो जेलीसारखा जास्तच दिसतो. मोड बदलून हे जात नाही.

अजून एक बारीक गोष्ट, आणि मला ही फार उशिरा कळली. Perspective सरळ रेघ सरळच ठेवतो, फक्त तिरकी करतो. रेघ खरोखर धनुष्यासारखी वाकत असेल तर कारण रोलिंग शटर, वाइड लेन्स, किंवा फ्रेमचे छोटे छोटे तुकडे वेगवेगळे ओढणारी पद्धत. प्रीमियरमध्ये Subspace Warp नावाची निवड आहे ती या शेवटच्या प्रकारातली. अशा वेळी तिथली Position, Scale, Rotation निवड लावून फरक बघायचा.

तर मी काय केलं? क्लिपचे तीन तुकडे केले, कारण प्रत्येक तुकड्याला वेगळा मोड लावता येतो. अंगणात आजी उभी राहून बोलते, भाऊही एका जागी उभा आहे. तिथे Perspective चालला. ओटीवर चालण्याच्या भागाला Translation लावला आणि Strength १ वरून ०.६ वर आणला. म्हणजे थोडी हालचाल राहिली, माणूस चालतोय एवढी. खांब खांबासारखा उभा राहिला.

तिसरा तुकडा स्वयंपाकघरातला. चुलीपाशी अंधार, त्यामुळे शटर हळू आणि पावलागणिक चित्र फरकटलेलं. स्थिर केल्यावर आजी जागेवर, पण दर अर्ध्या सेकंदाला चेहरा धूसर होऊन परत स्पष्ट होतो. डोळे चोळावेसे वाटतात. हात हलताना दिसला तर डोळा तो धूसरपणा माफ करतो, हात दिसेनासा झाला की नाही करत. तो तुकडा मी हात न लावता तसाच ठेवला.

किंमत मोजावी लागतेच. फ्रेम सरकवली की कडेला काळी पट्टी येते, ती लपवायला झूम. ओटीच्या भागात १२ टक्के झूम लागला. म्हणजे १९२० पैकी साधारण १७१४ पिक्सेलच उरले, तेच ताणून परत १९२० केले. डावीकडे टांगलेला कंदील अर्धा कापला गेला. म्हणून आता घरच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की असं काही काढायचं असेल तर ४के मध्ये काढा. ३८४० मधून २० टक्के झूम केला तरी ३२०० उरतात. आणि मूळ फाईल द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आलेली नको, तिच्यात पकडायला ठिपकेच नीट उरत नाहीत.

आत्याला क्लिप पाठवली. खांबाबद्दल ती काही बोलली नाही. फक्त विचारलं, "तो कंदील पूर्ण का नाही दिसत?" मग मी तिला मूळ क्लिपही पाठवली. ती दोन्ही ठेवून आहे.