कार्डाबाहेरच्या लसी: कोणती आधी, कोणती नंतर?



मागे कार्ल्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब आटोपल्यावर एका वहिनींनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. एका खाजगी दवाखान्यात मिळालेला कागद. त्यावर तीन लसींची नावं होती: टायफॉईड, हिपॅटायटिस ए आणि फ्लू. घरात तीन वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि साखरेचा त्रास असलेल्या सासूबाई. वहिनी म्हणाल्या, "ताई, दोन्ही पोरांचं मिळून दहा हजारांच्या वर जातंय. एवढे नाहीत माझ्याकडे. चार हजार जमतील. नाही दिलं तर पोरांचं वाईट केल्यासारखं होईल का?"

आज या एका कागदाबद्दलच बोलते. कारण असा कागद तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात असणार.

मी त्यांना म्हटलं, कागद बाजूला ठेवा, आधी पोरांची कार्डं आणा. अंगणवाडीत आणि उपकेंद्रात ज्या लसी मिळतात त्या फुकट आहेत आणि जास्त जीवघेण्या आजारांवरच्या आहेत. त्यातलं एक राहिलेलं असताना विकतची लस घेणं म्हणजे छप्पर गळत असताना खिडकीला पडदे शिवणं. कार्डं आली. मुलाचा दीड वर्षाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झालेला होता, पण मुलीचा पाच वर्षांचा त्रिगुणीचा डोस रिकामा होता. त्या दिवसांत त्या माहेरी होत्या, मग विसरलंच. सात वर्षांनंतर त्रिगुणी देत नाहीत, त्याऐवजी टीडी देतात. एक रुपया न जाता पहिलं काम असं निघालं.

कार्ड बघताना त्यांनी मला एका ओळीवर बोट ठेवून दाखवलं. "हिपॅटायटिस तर जन्मल्यावरच दिलंय की!" ही गफलत फार होते. जन्मल्यावर आणि पुढे पेंटा लसीत मिळते ती हिपॅटायटिस बी. तो विषाणू रक्तातून आणि आईकडून बाळाला जातो. कागदावर होती हिपॅटायटिस ए. तो पाण्यातून आणि हातातून पोटात जातो. एका लसीचा दुसऱ्याला उपयोग नाही. आणि कावीळ करणारा तिसरा एक विषाणू आहे, हिपॅटायटिस ई. तोही पाण्यातूनच येतो, गरोदर बाईला तर फार धोक्याचा, आणि त्याची लस आपल्याकडच्या दवाखान्यात मिळत नाही. म्हणून "काविळीची लस घेतली, आता पाणी कसलंही चालेल" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

आता टायफॉईड. तिन्हींपैकी मी ही पहिली धरते, आणि का ते सांगते.

टायफॉईडचा जंतू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि खाण्यात येतो. बरा झालेला माणूसही कधीकधी महिनोन्‌महिने तो जंतू बाळगून असतो. त्याला काही होत नाही, पण त्याच्या हातचं खाणाऱ्याला होतं. आपल्याकडे चैत्रात एकवीरा आईची यात्रा भरते, पावसाळ्यात लेण्यांवर आणि भाजे-लोणावळ्याकडे गर्दी लोटते. तुमच्यातल्या कित्येक जणी वडापाव, भजी, मक्याची कणसं विकतात, नाहीतर हॉटेलात भांडी घासतात. पोरं तिथेच बर्फाचा गोळा खातात. आणि वर, हा ताप नुसत्या गोळीने उतरत नाही. जंतू आता जुन्या औषधांना जुमानत नाहीत. पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉईड पसरला की नेहमीची बहुतेक औषधं निकामी ठरली, आणि २०१९ मध्ये त्या देशाने ही लस मुलांच्या नेहमीच्या लसींत घेतली.

आपल्या जवळचंच उदाहरण नवी मुंबईचं. एकवीरेला येणारी कितीतरी कोळी-आगरी कुटुंबं त्याच भागातली. तिथल्या महानगरपालिकेने २०१८ च्या पावसाळ्यात नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉईडची नवी लस मोफत दिली. सरकारी यंत्रणेने अशी मोहीम घेण्याची ती जगातली पहिली वेळ. त्यांनी सगळीकडे एकदम दिली नाही. बावीस आरोग्य केंद्रांपैकी अकरा केंद्रांच्या भागात आधी दिली आणि बाकीचा भाग पुढच्या टप्प्यासाठी ठेवला, म्हणजे दोन्हीकडचा फरक मोजता येईल. पहिल्या टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना ती मिळाली. मला हे आवडतं, कारण "देऊन टाका" असं न म्हणता "देऊ आणि बघू" असं म्हटलं.

लस किती राखते? नेपाळ, बांगलादेश आणि आफ्रिकेतला मलावी, या तीन ठिकाणी मोठे अभ्यास झाले. लस न घेतलेल्या मुलांत जिथे शंभर जणांना टायफॉईड होतो, तिथे घेतलेल्यांत तो साधारण वीस जणांना झाला. म्हणजे पुष्कळ राखते, पण पूर्ण नाही. मलावीत चार वर्षांनंतरही हा फायदा टिकलेला दिसला. एकच डोस, सहा महिन्यांच्या पुढे कधीही.

इथे एक गोष्ट नीट विचारून घ्या. टायफॉईडच्या लसी दोन तऱ्हेच्या असतात. जुनी साधी लस दोन वर्षांखालच्या मुलांना चालत नाही आणि दर तीन वर्षांनी परत घ्यावी लागते. नवीला "कॉन्ज्युगेट" म्हणतात. खोक्यावर तो शब्द आहे का, ते डॉक्टरांना दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, आपण साडी घेतानासुद्धा पदर उलगडून बघतोच.

"पण माझ्या पोराला टायफॉईड होऊन गेलाय" असं कुणी म्हणेल. बऱ्याचदा तो विडाल तपासणीवरून सांगितलेला असतो. ही तपासणी तापाच्या पहिल्या दोन-चार दिवसांत फार बेभरवशाची असते, आणि आपल्याकडे निरोगी माणसातही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते. खरी खात्री रक्ताच्या कल्चरने होते, तेही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी रक्त घेतलं तर. आणि खरंच होऊन गेला असला तरी परत होऊ शकतो. तेव्हा त्यावरून लस टाळू नका. ताप असताना मात्र घेऊ नका, बरं वाटल्यावर घ्या.

हिपॅटायटिस ए बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हा आजार लहान मुलाला झाला तर बहुतेक वेळा कळतही नाही. चार दिवस पोट बिघडतं, थोडा ताप येतो, आणि जन्मभराचं संरक्षण मिळून जातं. आपल्या आईच्या पिढीला तो असाच होऊन गेलाय. गंमत अशी की पाणी आणि शौचालयं सुधारली की मुलं लहानपणी त्यातून सुटतात, आणि मग सोळा-अठराव्या वर्षी वसतिगृहात किंवा कंपनीच्या कँटीनमध्ये गाठ पडते. त्या वयात तो जोरात होतो, महिना-दोन महिने अंथरुणावर, क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत. म्हणून ही लस ज्याच्यासाठी जास्त गरजेची, तो तीन वर्षांचा मुलगा नाही, तर लवकरच वसतिगृहात जाणारी मुलगी आहे. वहिनींची मुलगी नऊ वर्षांची. घाई नव्हती, पण विसरायचंही नव्हतं. ही लसही दोन प्रकारची असते. एक जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, एका डोसची. दुसरी मेलेल्या विषाणूची, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसची. पहिली गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्याला देत नाहीत. ज्याचं वय जास्त आहे त्याने आधी रक्त तपासून घेतलं तर कित्येकदा लसीची गरजच नाही असं निघतं.

फ्लूचं गणित निराळं. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ऑगस्टमध्ये, एका शाळकरी मुलीचा. तेव्हाची धास्ती तुम्हाला आठवत असेल. पण फ्लूची लस एकदा घेऊन भागत नाही. विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नवी येते आणि दरवर्षी घ्यावी लागते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. चार हजारांच्या घरात दोन मुलांना हे दरवर्षी कसं परवडणार? म्हणून इथे मी घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाकडे बघते. वहिनींच्या घरात त्या सासूबाई. साखर असलेला वयस्कर माणूस, गरोदर बाई, दम्याचं किंवा हृदयाचं दुखणं असलेलं मूल, यांना फ्लू छातीत उतरायची भीती जास्त. आपल्या राज्यात २०१५ पासून गरोदर बायका आणि साखर-रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस सरकारी केंद्रांत मोफत द्यायला सुरुवात झाली. साठा नेहमी असतोच असं नाही. म्हणून वहिनींना सांगितलं, विकत घ्यायच्या आधी केंद्रात विचारा. वेळ पावसाळ्याच्या आधीची, कारण अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो. साध्या सर्दीवर ही लस चालत नाही, त्यामुळे "लस घेतली तरी नाक वाहतंच आहे" म्हणून तिला नावं ठेवू नका.

मग वहिनींनी काय केलं? मुलीची टीडी उपकेंद्रात फुकट झाली. केंद्रात साठा आल्यावर सासूबाईंना फ्लूची लस मिळाली. चार हजारांत दोन्ही मुलांना टायफॉईडची कॉन्ज्युगेट लस बसली. हिपॅटायटिस ए मुलगी दहावीच्या आत केव्हातरी, म्हणून गटात दरमहा शंभर रुपये वेगळे टाकायला लागल्या.

पैसे देताना एक काळजी घ्यायची. या लसी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात. पावसात आपल्याकडे वीज जाते ते तुम्हाला माहीत आहे. गरम झाली तर ताकद जाते, आणि टायफॉईड-फ्लूची लस बर्फात गोठली तरी वाया जाते. वरून बघून ते ओळखता येत नाही. म्हणून मेडिकलमधून लस घेऊन पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका, फ्रिज असलेल्या दवाखान्यातच घ्या. वीज गेली तर काय सोय आहे, हे विचारा. खोक्यावरची मुदत बघा, छापील किंमत बघा, आणि लसीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख पोराच्या कार्डाच्या मागे लिहून घ्या. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

आणि पाणी. लस घेतलेल्या वहिनींच्या घरी आजही पाणी उकळतात, बुडबुडे आल्यावर आणखी एक मिनिट. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो तेव्हा पाण्याला पिवळा रंग येतो की नाही, ते त्यांच्या गटातल्या दोघी आळीपाळीने जाऊन बघतात. रंग आला नाही तर टीसीएल पडलेलं नाही, असं त्या त्याच दिवशी सांगतात.