मोडीतलं अक्षर, दिसतं तेवढंच लिहा

आम्ही चौथी शिकलेलो शेतकरी. मोडी जाणत्यांच्या पायाशी बसून शिकलो, तेवढ्यावर बोलतो.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, तसं गावोगावचं मोडी दप्तर बाहेर आलं. घरोघर मोबाईलवर जुन्या जन्ममृत्यू नोंदीचे फोटो आले. पोरं ते देवनागरीत टाईप करत्यात. चूक होती ती तिथंच.

मोडीत एकच रेघ आधी ओढायची आन् अक्षरं तिला टांगायची. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून मुलगा तो सुत आन् चरख्याचं सूत कागदावर सारखंच दिसतं. लिहिणारा घाईत असला की शब्द अर्धा तोडून पुढं दोन उभ्या रेघा मारतो.

आता ही नोंद धरा. नावापुढं लिहिलंय ‘कु॥’. घरच्याला वाटतं, झालं, कुणबी! पण तोच ‘कु॥’ दुसऱ्या जागी कुलकर्णी असू शकतो. आकड्यापुढं त्याच दोन रेघा आल्या तर तो अर्धा होतो: ‘५॥’ म्हणजे साडेपाच. म्हणून आधी रकाना बघा. वर ‘जात’ असं मथळ्यात आहे का? त्याच पानावर, त्याच हातानं, दुसऱ्या कुणापुढं पुरा शब्द लिहिलाय का? त्या पुऱ्या शब्दातला ‘कु’ आन् आपला ‘कु’ शेजारी ठेवून ताडून बघा.

एवढं करूनही टाईप करताना ‘कु॥’ एवढंच करायचं. कुणबी असा अर्थ खाली वेगळ्या ओळीत, ‘आमचा अंदाज’ म्हणून. अक्षरच शंकेचं असलं तर त्यामागं [?] टाका. दोन वाचनं होत असली तर दोन्ही द्या, [न/त] अशी. कागद फाटला असंल तर जेवढी अक्षरं गेली वाटतात तेवढे टिंब: [...]. मूळ ओळ संपंल तिथंच आपली ओळ संपवा आन् ओळीला नंबर द्या. मग जाणकार फोटोतली सातवी ओळ लगेच काढतो. फोटो उजेडात, सरळ वरून घ्या. अख्खं पान एक आन् शंकेच्या जागेचा जवळून एक.

आपल्या सोमेश्वर कारखान्याच्या वजनाच्या पावतीवर आकडा पुसट आला तर आपण पेनानं गिरवतो का? काट्यावर नेऊन विचारतो. तसंच हे. गिरवलेली पावती खरी असली तरी तिच्यावर संशय येतो. अंदाजानं ‘कुणबी’ टाईप केलं आन् मूळ पान तपासलं, तर त्या एका शब्दापायी बाकीच्या खऱ्या ओळींवरबी भरवसा राहत नाही. पोराच्या दाखल्याचं काम तिथं अडतं.

म्हणून शंकेच्या खुणा पुसू नका. फोटो आन् टाईप केलेलं दोन्ही घेऊन मोडी जाणकाराकडं जा. तो जी खूण सोडवील, तिच्यापुढं त्याचं नाव आन् तारीख लिहून ठेवा. जी त्यालाबी सुटली नाही, ती [?] तशीच राहू द्या.