‘का’ कुठे ठेवायचा?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग फक्त एका छोट्याशा शब्दाबद्दल आहे. तो शब्द आहे ‘का’.

गेल्या काही महिन्यांपासून मी एका जर्मन मुलीला मराठी शिकवतेय. ती पुण्यात नोकरीसाठी आलीय, सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात खोली घेऊन राहते. तिचं नाव सांगत नाही, आपण तिला ‘पाहुणी’ म्हणूया. तिच्या शेजारी एक आजी राहतात. एका संध्याकाळी आजी वाटीभर आमटी घेऊन तिच्या दारात आल्या. पाहुणीला म्हणायचं होतं, आजी, तुम्ही आत येता का? ती म्हणाली, “आजी, तुम्ही का येता?”

आजींनी वाटी तिच्या हातात दिली, “बरं” म्हणाल्या आणि गेल्या. पुढचे चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाहुणी माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. म्हणाली, मी तर चांगलंच विचारलं!

गंमत अशी, की ही चूक तिने माझा नियम पाळल्यामुळे झाली. म्हणजे दोष माझा. मीच तिला शिकवलं होतं, की मराठीत प्रश्न करायला वाक्य उलटंपालटं करावं लागत नाही. जी गोष्ट माहीत नाही, तिच्या जागी प्रश्नाचा शब्द ठेवायचा, आणि तो बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी येतो. जर्मनमध्ये किंवा इंग्रजीत ‘कुठे’, ‘कधी’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला जातात. आपल्याकडे ते आपापल्या जागीच राहतात. हे तिने घोटून घेतलं होतं:

— तुम्ही कुठे राहता?
— मी सदाशिव पेठेत राहते.
— ऑफिसला कधी जाता?
— ऑफिसला नऊ वाजता जाते.
— बरोबर कोण येतं?
— बरोबर मैत्रीण येते.

बघा, ‘सदाशिव पेठेत’च्या जागी ‘कुठे’, ‘नऊ वाजता’च्या जागी ‘कधी’, ‘मैत्रीण’च्या जागी ‘कोण’. बाकी वाक्य जवळजवळ तसंच. इथपर्यंत सगळं सोपं होतं.

मग आला ‘का’. तिने तोही प्रश्नाचाच शब्द म्हणून क्रियापदाच्या आधी ठेवला. पण मराठीत ‘का’ दोन आहेत. क्रियापदाच्या आधी आला तर तो कारण विचारतो. क्रियापदाच्या नंतर, वाक्याच्या शेवटी आला तर तो फक्त ‘हो की नाही’ एवढंच विचारतो. अक्षर तेच, काम वेगळं.

— तुम्ही येता का? (हो, येते. किंवा नाही, नंतर येते.)
— तुम्ही का येता? (म्हणजे येण्याचं कारण काय?)

आवाजही वेगळा असतो. कारण विचारणाऱ्या ‘का’वर जोर पडतो. शेवटचा ‘का’ हलका असतो, क्रियापदाला चिकटून येतो, ‘येताका’ असा एका दमात. तुम्ही आत्ता दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. बसमध्ये असाल तर मनात म्हणा.

ज्यांची मराठी हिंदीतून येते, त्यांची अडचण वेगळी. हिंदीत ‘क्या’ सुरुवातीला येतो, म्हणून ते म्हणतात, “काय तुम्ही येता?” समजतं आपल्याला, पण कानाला खटकतं. ‘हो की नाही’चा प्रश्न असेल तर आधी साधं वाक्य पूर्ण बोला आणि शेवटी ‘का’ लावा. पाहुणीला मी आता हेच सांगते: आधी पूर्णविराम ऐकू येऊ दे, मग ‘का’.

सराव आम्ही रिक्षापासून सुरू केला. तिथेही आधी व्हायचं तेच झालं होतं.

पाहुणी: काका, स्वारगेटला का येणार?
रिक्षावाले काका: मी का येणार? मला काय काम तिथे? तुम्हाला जायचंय ना?

दुसऱ्या दिवशी:

पाहुणी: काका, स्वारगेटला येणार का?
काका: येणार. बसा.
पाहुणी: किती होतील?
काका: मीटरने होतील तेवढे.

आता नकार आला की जरा गुंता होतो. ‘तुम्ही आला नाहीत का?’ म्हणजे आलात की नाही एवढंच. ‘तुम्ही का आला नाहीत?’ म्हणजे कारण सांगा. आणि हा दुसरा प्रश्न मोठ्या माणसाला असा थेट विचारला, तर जाब विचारल्यासारखा वाटतो. म्हणून आपण त्यात ‘बरं’ घालतो: “का बरं आला नाहीत?” एवढ्याशा ‘बरं’ने राग निघून जातो आणि काळजी उरते. पाहुणीने ही जोडी पाठच केलीय, का म्हटलं की बरं.

‘कशाला’पासून मात्र तिला मी लांब ठेवलंय. पाहुण्याला “कशाला आलात?” म्हटलं तर तो उठून जाईल. आणि तोच पाहुणा चहा समोर आल्यावर “अहो, चहा कशाला?” म्हणतो, तेव्हा तो सभ्यपणा असतो. हे ऐकून ऐकूनच येतं.

मंडईत वेगळीच मजा झाली. तिने भेंडीचा भाव विचारायला म्हटलं, “मावशी, भेंडी कशी आहे?” मावशी म्हणाल्या, “एकदम ताजी आहे, कोवळी आहे.” भाव काही कळेना. मराठीत भाव विचारायचा तर ‘आहे’ नाही, ‘दिली’ लागतं.

पाहुणी: मावशी, भेंडी कशी दिली?
मावशी: वीस रुपये पाव.
पाहुणी: आणि कांदे कसे दिले?
मावशी: चाळीस रुपये किलो. किती देऊ?
पाहुणी: एक किलो द्या.

इथे ‘कसा’ भाजीप्रमाणे बदलतो. भोपळा कसा दिला, भेंडी कशी दिली, आलं कसं दिलं. वांग्यांपाशी ती अडखळली. एक वांगं असेल तर ‘कसं’, पण ढिगातली वांगी असतील तर ‘वांगी कशी दिली?’ भेंडीसारखंच ऐकू येतं, कारण मात्र वेगळं: हे नपुंसकलिंगाचं अनेकवचन. लिंग आठवत नसेल तर एक पळवाट आहे. “काय किलो?” म्हणा. कुठल्याही भाजीला चालतं, आणि मंडईत सगळे म्हणतातच.

तर, आजी. आमटीची वाटी अजून पाहुणीकडेच होती. वाटी रिकामी परत करत नाहीत, हे तिला माहीत होतं, म्हणून तिने त्यात खोबऱ्याच्या दोन वड्या ठेवल्या. बाहेर पडण्याआधी आम्ही तीन वेळा सराव केला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

पाहुणी: आजी, आहात का?
आजी: कोण?
पाहुणी: मी. आत येऊ का?
आजी: ये ना.
पाहुणी: आजी, त्या दिवशी मी चुकले. मला म्हणायचं होतं, “तुम्ही आत येता का?”
आजी: अगं बाई! आणि मी काय समजले!
पाहुणी: काय समजलात?
आजी: जाऊ दे. जेवलीस का?
पाहुणी: नाही.
आजी: का गं?

जिन्यात मला हसू आवरेना. या ‘का’ला तिने बरोबर कारण सांगितलं: “गॅस संपला.”

पुढच्या भागात ‘कोण’चं ‘कोणाला’, ‘कुणाचा’ कसं होतं ते बघू. तोवर, येता ना?