आधी तक्ता, मग प्रश्न

सराव प्रश्नपत्रिका काढावयाची म्हणजे पाठ्यपुस्तक चाळावे, बरे वाटतील ते प्रश्न उतरवून घ्यावेत आणि गुणांची बेरीज कशीबशी जुळवावी, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. अशा पत्रिकेत शिक्षकाच्या आवडीचा घटक दोनदा डोकावतो, नावडता मुळीच येत नाही. आणि विद्यार्थ्याला आपले कच्चे कोठे आहे हे शेवटच्या परीक्षेतच कळते. म्हणून प्रश्नांच्या आधी जो आराखडा करावयाचा, त्यास शिक्षणशास्त्रात ‘संविधान तक्ता’ म्हणतात.

समजा, विज्ञानाची 40 गुणांची पत्रिका काढावयाची आहे. गती व प्रकाश या घटकांना प्रत्येकी 15 तासिका लागल्या, उष्णता व विद्युत यांना प्रत्येकी 10. एकूण तासिका 50. म्हणजे याच प्रमाणात पहिल्या दोहोंना बारा-बारा आणि उरलेल्या दोहोंना आठ-आठ गुण येतात. आता प्रश्नांचे प्रकार ठरवावेत : एकेका गुणाचे दहा वस्तुनिष्ठ, तीन-तीन गुणांचे सहा लघुत्तरी आणि सहा-सहा गुणांचे दोन दीर्घोत्तरी.

घटक उभे व प्रकार आडवे मांडून घरे भरावीत. गतीचे बारा गुण तीन वस्तुनिष्ठ, एक लघुत्तरी व एक दीर्घोत्तरी प्रश्नांनी भरतात, प्रकाशाचेही तसेच. उष्णता व विद्युत यांच्या वाट्यास प्रत्येकी दोन वस्तुनिष्ठ आणि दोन लघुत्तरी प्रश्न येतात. उभी व आडवी, दोन्ही बेरजा 40 आल्या की तक्ता जुळला. मग प्रत्येक घरात ज्ञान, आकलन की उपयोजन तपासावयाचे, तेही नोंदवावे.

खरी फसगत यापुढे होते. पाण्यात बुडवलेली पेन्सिल वाकडी का दिसते, हा प्रश्न उपयोजनाचा वाटतो. पण त्याचे उत्तर पुस्तकात जसेच्या तसे असेल, तर तपासली जाते ती केवळ स्मरणशक्ती. विद्यार्थ्याने न पाहिलेला प्रसंग दिला, तरच ते उपयोजन. दुसरी फसगत ‘किंवा’ या शब्दात असते. प्रकाशावरील दीर्घोत्तरी प्रश्नास गतीवरील प्रश्नाचा पर्याय दिला, तर प्रकाशाचे सहा गुण टाळता येतात आणि तक्ता कागदावरच राहतो. पर्याय त्याच घटकाचा, त्याच उद्दिष्टाचा आणि तितक्याच गुणांचा असावा.

पत्रिका लिहून झाल्यावर एकेक प्रश्न पुन्हा तक्त्याच्या घरात बसवून पाहावा. एखादे घर रिकामे राहिले किंवा एखाद्यात गर्दी झाली, तर चूक तेथेच सापडते. तक्त्याने प्रश्नाची भाषा सुधारत नाही, की वेळेचा अंदाज येत नाही. त्यासाठी शिक्षकाने घड्याळ समोर ठेवून संपूर्ण पत्रिका स्वतः सोडवावयास हवी. पण 22 गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रकाशात बारापैकी तीनच आले, हे दाखवून देण्याचे काम असा तक्ता करतो. पुढचा आठवडा कशाला द्यावयाचा, हे त्या तीन गुणांवरून ठरते.