सूर उतरतो कुठे आणि सावरतो कसा



अध्यक्षीय भाषणात सगळ्या विषयांना स्पर्श करण्याची पद्धत आहे. मी मात्र आज एकाच तक्रारीवर बोलणार आहे. ती आपल्या समूहगानाच्या प्रत्येक तालमीत ऐकू येते : "सुरुवात छान होते, पण गाणे संपेपर्यंत सूर खाली येतो."

एक उदाहरण घेऊ. चार कडव्यांचे गीत आहे आणि पट्टी काळी एक. सुरुवातीला पेटीवर षड्ज दिला, मग पेटी बंद केली. गाणे संपल्यावर पेटी वाजवून पाहिली, तर वृंद पांढरी एकवर पोचलेला. कंपनांच्या भाषेत सेकंदाला सुमारे 277 वरून 262 वर. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. म्हणजे शंभर सेंट गेले. ते कुठे गेले, हे शोधण्यासाठी गाणे ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक ध्रुवपदाचा पहिला षड्ज तंबोऱ्याशी ताडून पाहा. बहुतेक वेळा असे दिसते की प्रत्येक कडव्यामागे वीस-पंचवीस सेंट गळतात. नेमकी जागा असते कडव्याच्या शेवटचे ग-रे-सा. तो षड्ज किंचित कमी लागतो आणि पुढचे ध्रुवपद त्या नव्या षड्जावरून उठते. तिथून पुढची स्वरांतरे बरीचशी बरोबर असतात. चुकलेली असते ती मूळ षड्जाची आठवण. म्हणूनच वृंदात कोणालाच काही बिघडल्याचे जाणवत नाही.

उतरताना सूर का सुटतो? ओळीच्या शेवटी श्वास संपत आलेला असतो. स्वरतंतूंखालचा हवेचा दाब कमी झाला की सूर आपोआप खाली झुकतो. त्यात अवरोह म्हणजे विसावा, अशी मनाची समजूत असते. त्यामुळे उतरताना स्वरांतर गरजेपेक्षा मोठे घेतले जाते आणि चढताना तेच थोडे अपुरे पडते.

दुसरे कारण कानाचे आहे. वृंदातल्या गायकाला स्वतःचा आवाज हवेतून आणि हाडांतूनही ऐकू येतो. शेजाऱ्यांचे आवाज त्यात मिसळतात. स्टॉकहोमचे संशोधक स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी वृंदगायकांचा अभ्यास केला. स्वतःचा आवाज इतरांपेक्षा सरासरी सुमारे सहा डेसिबलने वर असावा, असे गायकांना वाटते, असे त्यांना आढळले. त्याहून कमी ऐकू आला तर गायक चाचपडतो आणि जोर लावतो. फार जास्त ऐकू आला तर शेजारी हरवतो. आपल्याकडे पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असतात आणि वर पंखे घरघरत असतात. अशा खोलीत मुले ओरडून गातात, आणि ओरडणारा गायक षड्ज ऐकत नाही. म्हणून पहिला उपाय साधा आहे : पंखा बंद करा, ओळींत हातभर अंतर ठेवा आणि निम्म्या आवाजात गाऊन घ्या.

पण एकच गायक सतत कमी लागत असेल, तर आधी निदान करावे. त्याला एकट्याला तंबोऱ्यासमोर बसवा आणि ओठ मिटून षड्ज गुणगुणायला सांगा. तो जुळला, तर कान ठीक आहे. अडचण गर्दीत ऐकण्याची आहे किंवा श्वासाची. गुणगुणताना जुळतो आणि शब्दांत उतरतो, तर त्याचे स्वरोच्चार बघा. जबडा जड करून काढलेला 'आ' सूर खाली ओढतो. फक्त तार सप्तकाकडे जाताना कमी लागत असेल, तर दोष पट्टीचा आहे. पट्टी एका स्वराने उतरवून बघावी. आणि दोन स्वरांपैकी खालचा कोणता हेच ओळखता आले नाही, तर त्याला गायला लावण्याआधी ऐकायला शिकवावे लागेल.

आता तीन कसरती सांगतो. पहिली डोल ऐकण्याची. पेटीवर षड्ज अखंड धरा. गायकाने 'ऊ'वर तोच स्वर थोडा खालून घेत हळूहळू वर सरकावा. दोन्ही स्वर जवळ आले की आवाज लहान-मोठा होत डोलतो. सेकंदाला दोन वेळा डोलला, तर फरक दोन कंपनांचा. डोल मंदावत जाऊन थांबला की स्वर जुळला. मग त्याच पद्धतीने दोन गायकांनी एकमेकांशी जुळवावे. आपण जुळलो की नाही, हे गुरुजींनी सांगायची गरज उरत नाही.

दुसरी कसरत अवरोहाची. तंबोरा चालू ठेवून सा-नि-ध-प असे खालच्या षड्जापर्यंत उतरावे. प्रत्येक स्वरावर थांबून तंबोरा ऐकावा आणि मगच पुढे जावे. शेवटच्या षड्जाआधी श्वास घ्यावा आणि तो स्वर वरून खाली न टाकता अलगद ठेवावा. कडव्यातले ग-रे-सा असेच सावकाश गाऊन घ्यावे.

तिसरी कसरत मनातल्या गाण्याची. वृंदाने पहिली ओळ मोठ्याने गावी, दुसरी ओठ मिटून मनात आणि तिसरी पुन्हा मोठ्याने. तंबोरा दुसऱ्या ओळीपासून बंद ठेवावा आणि तिसरीच्या अखेरीस सुरू करावा. षड्ज जागेवर आला की नाही, हे त्या क्षणी सगळ्यांना कळते. आधी एक ओळ, मग कडवे, मग पूर्ण गाणे असे अंतर वाढवत जावे. षड्जाची आठवण याच सरावाने पक्की होते.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या गळ्यातले स्वर आणि पेटीचे स्वर एक नाहीत, हा मुद्दा त्या काळी जोरात चर्चेत आला. तंबोऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट खाली असतो. चांगल्या कानाचा विद्यार्थी तंबोऱ्याशी जुळला, तर पेटीवर बोट ठेवणाऱ्या शिक्षकाला तो 'कमी' वाटेल. म्हणून षड्ज आणि पंचम कोणत्याही वाद्याने तपासा, पण गंधाराचा निवाडा फक्त पेटीवर करू नका. आणि पेटीच्या साथीनेच गाणे असेल, तर वृंदाला पेटीचा गंधारच शिकवा. एका गाण्यात दोन गंधार झाले, तर डोल थांबणारच नाही.

माझी आपणा सर्वांना एकच विनंती आहे. कमी लागणाऱ्या मुलाला "तू नुसते ओठ हलव" असे सांगून मागच्या रांगेत पाठवण्याची रीत आपल्या शाळांतून बंद करू या. त्याला तंबोऱ्यासमोर बसवा, सूर कुठे सुटतो ते शोधा आणि रोजच्या तालमीची पहिली दहा मिनिटे या कसरतींना द्या. ते मूल ऐकायला शिकले, तर त्याच्या शेजारची दोन मुलेही सुरात राहतील.