मोजलेले पाणी, मानलेली चरबी



अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. आज मी तो मोडणार आहे. मला एकाच आकड्याविषयी बोलायचे आहे. तो आकडा ०.७३२. शरीरातल्या पाण्याला त्याने भागले की चरबीविरहित वजन मिळते आणि ते एकूण वजनातून वजा केले की चरबी मिळते. आपल्यापैकी अनेकजण हा भागाकार रोज करतात. जिममधल्या ज्या यंत्रावर लोक अनवाणी उभे राहतात, त्याच्या पोटातही बहुधा असाच एखादा भागाकार दडलेला असतो.

आधी पाणी मोजतात कसे ते पाहू. टाकीत किती पाणी आहे ते कळत नसेल, तर मोजून मीठ टाकावे, ढवळावे आणि खारटपणा किती उतरला ते पाहावे. तत्त्व इतकेच आहे. इथे मिठाच्या जागी जड पाणी असते, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम आहे असे पाणी. ड्युटेरियम किरणोत्सारी नाही, त्यामुळे गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही ते देता येते. आपल्या रायगड जिल्ह्यात थळ इथे जड पाण्याचा कारखाना आहे. त्याचा मुख्य ग्राहक मात्र अणुभट्ट्या. माणसाला लागते ते जेमतेम दोन मोठे चमचे.

हेवेशी आणि होफर यांनी १९३४ साली ही कल्पना माणसावर वापरली. ड्युटेरियमचा शोध लागून तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. जड पाणी प्यायचे आणि लघवीतल्या पाण्याची घनता मोजायची, अशी त्यांची रीत होती. आज आपण लाळ घेतो आणि एफटीआयआर वर्णपटमापकात ठेवतो. ऑक्सिजन-ड्युटेरियम बंधाचे कंपन साधारण २५०० सेंमी⁻¹ च्या आसपास दिसते, साध्या पाण्याच्या मुख्य पट्ट्यांपासून बाजूला. त्या उंचवट्याच्या आकारावरून लाळेत दर किलोमागे किती मिलिग्रॅम जड पाणी आहे ते कळते.

एक उदाहरण घेऊ. बाई ५२ किलोंची, निरोगी, सकाळी उपाशीपोटी आली आहे. लघवीला जाऊन आल्यावर हलक्या कपड्यांत तिचे वजन घेतले. डोस देण्याआधीची लाळ घेतली, कारण निसर्गतः प्रत्येकाच्या अंगात थोडे ड्युटेरियम असतेच आणि ते वजा करावे लागते. मग बाटलीत तोलून ठेवलेले ३० ग्रॅम जड पाणी तिने नळीने प्यायले. बाटलीत थोडे साधे पाणी घालून, हलवून, तेही प्यायला दिले, कारण काचेला चिकटलेले थेंबही हिशेबात धरलेले आहेत. तीन तासांनी आणि पुन्हा चार तासांनी तोंडात कापसाचा बोळा फिरवून, तो सिरिंजमध्ये पिळून लाळ घेतली. दोन्ही नमुन्यांत जवळपास तेवढेच ड्युटेरियम आढळले, म्हणजे ते अंगभर मिसळले आहे. दोन्हींत २ टक्क्यांहून जास्त फरक असता, तर पुढे हिशेब करण्यात अर्थ नव्हता.

समजा सरासरी निघाली किलोमागे १०५० मिलिग्रॅम. ३०,००० भागिले १०५० म्हणजे २८.५७ किलो. इतक्या पाण्यात ड्युटेरियम पसरले, असे वरवर दिसते. पण ते फक्त पाण्यात राहत नाही. प्रथिनांवरच्या काही हायड्रोजनच्या जागी ते जाऊन बसते, त्यामुळे टाकी खरीहून सुमारे ४ टक्के मोठी भासते. म्हणून १.०४१ ने भागायचे. शरीरातले पाणी आले २७.४५ किलो.

इथपर्यंत जे झाले ते मापन. त्यातही चुका होतात, पण त्या पकडता येतात. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे डोस सांडणे. वरच्या बाईच्या ओठावरून एक ग्रॅम ओघळला आणि कुणाच्या लक्षात आला नाही, असे धरू. मग लाळेत १०१५ सापडेल आणि आपण मात्र ३० ग्रॅमच धरून भागाकार करू. पाणी जवळपास एक किलोने जास्त दिसेल आणि चरबी सुमारे २८ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर येईल. एका ग्रॅमने बाई कागदावर सडपातळ झाली! म्हणून टिश्यूपेपर आधी तोलून हातात धरायचा, ओघळले ते टिपायचे आणि पुन्हा तोलायचे. दुसरी चूक लाळेच्या नमुन्याची. झाकण नीट न लावलेल्या बाटलीतून पाणी उडते तेव्हा हलके पाणी आधी जाते, मागे ड्युटेरियम जास्त उरते आणि शरीरातले पाणी कमी भरते. कोकणातल्या दमट खोलीत उघडी बाटली ठेवली तर हवेतली वाफही नमुन्यात मिसळते. हे सगळे नीट सांभाळले, तर पाण्याचे माप एक-दोन टक्क्यांच्या आत येते. शरीराच्या मापनात हे फार उत्तम समजावे.

आता ०.७३२ कडे येऊ. पेस आणि रॅथबन यांनी १९४५ मध्ये हा आकडा मांडला, तो मुख्यतः गिनीपिगांवरून आणि इतर सस्तन प्राण्यांच्या उपलब्ध आकड्यांवरून. चरबी काढून टाकली की उरलेल्या देहात पाण्याचे प्रमाण प्राण्याप्राण्यांत आश्चर्य वाटावे इतके सारखे निघते, असे त्यांना दिसले. माणसाच्या मृतदेहांचे थेट रासायनिक विश्लेषण फार थोडे झाले आहे. प्रौढांचे असे देह मोजके, दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतपत, आणि त्यांची सरासरी ०.७३ च्या आसपास येते. सरासरीभोवतीचा फरक मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

हा आकडा स्थिर का राहतो, हे समजले की तो कुठे घसरतो हेही समजते. पेशींच्या आत साधारण ७० टक्के पाणी असते. पेशींबाहेरचा द्रव जवळजवळ सगळा पाणीच, ९८ टक्क्यांच्या घरात. हाडांतली खनिजे आणि कोलॅजनसारखे पेशीबाहेरचे घन पदार्थ यांत पाणी थोडेच. या तिघांचे आपसातले प्रमाण निरोगी प्रौढात फारसे हलत नाही, म्हणून बेरीज ०.७३ च्या जवळ येते. प्रमाण हलले की आकडाही हलतो. नवजात बाळात पेशींबाहेरचा द्रव जास्त आणि हाडे कोवळी, म्हणून त्याच्या चरबीविरहित देहात ८० टक्क्यांच्या वर पाणी असते. वर्षाच्या मुलात सुमारे ७९, दहा वर्षांच्या मुलात ७५-७६, आणि मग प्रौढाचे ७३. गरोदरपणाच्या शेवटी ते पुन्हा ७५ च्या आसपास चढते.

आपल्या ५२ किलोंच्या बाईकडे परत जाऊ. २७.४५ भागिले ०.७३२ म्हणजे ३७.५ किलो चरबीविरहित वजन. ५२ मधून वजा केले की १४.५ किलो चरबी, २७.९ टक्के. हाच भागाकार ०.७५ ने केला तर चरबी १५.४ किलो, २९.६ टक्के. ०.७१ ने केला तर १३.३ किलो, २५.७ टक्के. मापन तेच, बाई तीच, लाळ तीच. आकडा बदलला आणि जवळपास चार टक्क्यांची उलथापालथ झाली. या सगळ्यात नुकसान चरबीचे का होते? कारण ती वजाबाकीत उरलेली रक्कम आहे. मोठ्या रकमेतली छोटी चूक उरलेल्या छोट्या रकमेवर सगळीच्या सगळी येऊन पडते.

याहून फसवा प्रकार सुजेचा. याच बाईच्या अंगात दोन लिटर द्रव साठला आहे, असे समजू. चरबी तीच, स्नायू तेच. वजन झाले ५४, पाणी २९.४५. आपण भाबडेपणाने ०.७३२ ने भागतो आणि चरबीविरहित वजन येते ४०.२ किलो, चरबी १३.८. दोन लिटर पाण्याने आपल्या वहीत पावणेतीन किलो ‘चांगले’ वजन निर्माण केले आणि पाऊण किलो चरबी गायब केली. प्रत्येक जादा लिटरमागे हा हिशेब तीनशेहून जास्त ग्रॅम चरबी खातो. मूत्रपिंडाच्या, यकृताच्या रुग्णांचे, आणि सूज असलेल्या तीव्र कुपोषित बालकांचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. सूज नसलेल्या खंगलेल्या मुलातही पेशी आटतात आणि पेशींबाहेरच्या द्रवाचा वाटा चढतो. आहार सुरू झाल्यावर वजन वाढते, तेव्हा ते स्नायूंचे की पाण्याचे, हे एकट्या ड्युटेरियमने सांगता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर निव्वळ निष्काळजीपणानेही घोटाळा होतो. नऊ किलोंच्या वर्षाच्या मुलात ५.४ किलो पाणी निघाले. प्रौढाचा आकडा धरला तर चरबी १८ टक्के. वयाचा ०.७९ धरला तर २४ टक्के. पहिला निष्कर्ष घेऊन कुणी म्हणेल की मूल कृश आहे, आणि त्याच्या वाढीवर काळजी व्यक्त करणारा निबंधही लिहील.

मग ही पद्धत टाकून द्यायची का? मुळीच नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली तुलना तुम्हाला ठाऊक आहे. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१. ती मापे ड्युटेरियमची नव्हती. पण असा बारा टक्क्यांचा फरक असेल, तर ०.७३२ च्या डळमळीतपणाने तो पुसला जाणार नाही. गटागटांची सरासरी तुलना करायलाही हे माप चांगले. अडचण येते ती एकाच माणसाच्या दोन मापांतल्या बारीक फरकात. पाण्याच्या मापातला एक-दीड टक्क्याचा खेळ दोन वेळा धरला की चरबीत पाऊण किलोच्या आसपास अनिश्चितता राहतेच. आणि वजन उतरवताना शरीरातला द्रवही हललेला असतो. अशा वेळी ‘आठ आठवड्यांत अर्धा किलो चरबी घटली’ हे विधान मला वाचता येते, मानता येत नाही.

जिथे हा आकडा गृहीत धरणे धोक्याचे आहे, तिथे तो मोजावा लागतो. ड्युटेरियमने पाणी, हवेच्या विस्थापनाने शरीराची घनता आणि डेक्साने हाडांतली खनिजे मोजली, की चार भागांचे समीकरण सुटते आणि त्या माणसाचा स्वतःचा जलांश हाती येतो. हे खर्चिक आहे आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात होणार नाही. पण निरनिराळ्या वयांच्या, निरोगी आणि आजारी अशा आपल्या लोकांच्या थोड्या नमुन्यावर ते झाले, तर बाकीच्यांसाठी कोणता आकडा घ्यावा याला आधार मिळेल. तोवर निबंधात चरबीच्या टक्क्याआधी किलोतले पाणी छापावे, वय लिहावे, आणि कोणत्या आकड्याने भागले ते लिहावे. नंतर चांगला आकडा मिळाला, तर वाचणारा स्वतः भागाकार करू शकेल.

दुपारच्या सत्रात बालकांच्या शरीररचनेवर निबंध आहेत. सादर करणाऱ्यांनी आपापल्या तक्त्यांत पाण्याचा रकाना आहे की नाही ते जेवणाच्या सुट्टीत पाहून घ्यावे, मी तो विचारणार आहे.